आहेरात आलेली बिननावाची साडी: ती नक्की काय आहे आणि बिलाशिवाय बदलून मिळेल का?

लग्न उरकलं, पाहुणे गेले, की चार-पाच दिवसांनी घरात एक कार्यक्रम असतोच, पलंगावर आहेराच्या साड्यांची थप्पी आणि शेजारी आहेराची वही. वहीत लिहिलेलं असतं "मामी - साडी", "शेजारच्या काकू - साडी", पण कुठली साडी कोणाची ते कोणी लिहीत नाही, चिठ्ठी पिशवीतून कुठेतरी पडलेली असते, आणि मग एक तरी साडी अशी उरते की जिच्यावर ना नाव, ना किंमत, ना बिल. आमच्याकडे यंदा मावसबहिणीच्या लग्नात अशी एक निघाली, मोरपंखी अंग, राणी काठ, पदरावर मोर, दिसायला पैठणी. तिला त्याच रंगाची साखरपुड्याला आलेली होती म्हणून बदलायची होती, आणि सगळ्यांचं ठाम मत की बिल नाही म्हणजे विसरा. तसं नसतं, पण सगळ्याच साड्यांचं होतं असंही नाही. नवीन लग्न झालेल्या मुलींना उपयोग होईल म्हणून आम्ही काय काय बघितलं ते क्रमाने लिहितेय. पैठणीसारख्या साडीवरच लिहितेय, कारण आहेरात सगळ्यात जास्त घोळ तिचाच होतो, दीड-दोन हजाराची आणि लाखाची, दोन्ही लांबून सारख्याच दिसतात.

सगळ्यात आधी: काहीच करू नका

म्हणजे खरंच. साडी पूर्ण उलगडायची नाही, अंगावर लावून सेल्फी नाही, इस्त्री नाही, आणि फॉल-पिकोला तर अजिबात टाकायची नाही. फॉल लागला की कुठलंच दुकान साडी परत घेत नाही, बिल असलं तरी नाही. आहे त्या घडीचे चारही बाजूंनी फोटो काढा, बॉक्सचे, पिशवीचे, आतल्या प्लॅस्टिकच्या कव्हरचे पण, आणि ते प्लॅस्टिक कचऱ्यात टाकू नका. आमच्या मावशीने आवराआवरीत सगळे बॉक्स रद्दीवाल्याला द्यायला काढले होते, अगदी वेळेवर थांबवलं.

बॉक्सवर विश्वास ठेवू नका

आमच्या साडीचा बॉक्स एका चांगल्या महागड्या दुकानाचा होता, त्यामुळे सगळे आधी पंधरा हजाराच्या गप्पा मारायला लागले. पण आपल्याकडे बॉक्स कधी वाया जातो का? चांगला बॉक्स कपाटावर ठेवलेला असतो आणि पुढच्या आहेराला तोच वापरतात. त्यामुळे बॉक्स हा पुरावा नाही, साडीला जे चिकटलेलं आहे तो पुरावा.

दुकानदार चिठ्ठी कुठे लावतात ते बघा. वरच्या घडीवर क्वचितच असते, साधारण एक-दोन घड्या आत, काठाच्या कोपऱ्याला स्टेपल केलेली किंवा प्लॅस्टिकच्या दोऱ्याने अडकवलेली. भेट देणारा माणूस किंमत काढतो, पण तो किंमतच काढतो, म्हणजे चिठ्ठीचा तेवढा भाग नखाने फाडतो आणि उरलेला तुकडा तसाच राहतो. घडी न मोडता पानं उलटल्यासारखी एकेक घडी उचलून बघा. आमच्या साडीत तिसऱ्या घडीत अर्धं स्टिकर सापडलं: बारकोडचा खालचा भाग, एक नंबर, दुकानाच्या नावातली शेवटची तीन अक्षरं आणि खाली "पेठ, पुणे". एवढ्यावर काम झालं, कारण पेठेत त्या तीन अक्षरांनी संपणारं साडीचं दुकान आमच्या माहितीत एकच होतं.

त्या नंबरला पीस नंबर म्हणतात आणि बिलाइतकाच तो महत्त्वाचा आहे, का ते पुढे सांगते. चिठ्ठीवर कधीकधी दोन-चार इंग्रजी अक्षरं पण असतात, अर्थ न लागणारी, तो दुकानदाराचा स्वतःचा खरेदीच्या भावाचा कोड असतो, त्यावरून किंमत काढायच्या भानगडीत पडू नका, प्रत्येकाचा कोड वेगळा.

चिठ्ठी नाहीच मिळाली तर स्टेपलची दोन बारीक भोकं तरी दिसतात का बघा. भोकं आहेत आणि चिठ्ठी नाही म्हणजे देणाऱ्याने मुद्दाम काढलीय.

साडी नवी आहे की फिरून आलेली

हे आधी बघून घ्या, कारण फिरलेली असेल तर बदलायचा विषयच संपला. डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय? घडीची रेघ बाजूच्या कापडापेक्षा फिकट पडलीय? जरीची तार घडीवर काळपट झालीय? मग ती दोन-चार वर्षं कोणाच्या तरी कपाटात होती. दुसरी खूण खालच्या काठावर. साडी उजेडासमोर धरा आणि काठाच्या अगदी कडेला एका ओळीत सुईची बारीक भोकं दिसतात का बघा, साधारण अडीच-तीन मीटरपर्यंत. तो फॉल लावून नंतर उसवल्याचा माग. आणि ब्लाऊजपीस आहे ना ते बघा, सहावारीला साधारण साडेपाच मीटर साडी आणि पुढे ८० सेंटीमीटरच्या आसपास ब्लाऊजपीस जोडलेलं असतं, ते कापून टोकाला पिको केलेला असेल तर साडी वापरायची तयारी कोणीतरी केली होती.

अजून एक प्रकार म्हणजे थप्पीतली साडी. आहेराला द्यायला म्हणून डझनावर घेतलेल्या, साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, बॉक्स नाही. तुमच्या जावेला आणि नणंदेला त्याच डिझाईनची वेगळ्या रंगात आली असेल तर ती थप्पीतली. त्या साड्या घाऊक भावात जातात, दुकानदार एकेक बदलून देत बसत नाही, आणि तुमच्या बसच्या तिकिटाएवढाही फायदा व्हायचा नाही. पुढे देऊन टाका.

आता पदर उलटा करा

ही या सगळ्यातली मुख्य स्टेप आणि याला काही लागत नाही, नुसते डोळे. पदराची घडी हलक्या हाताने उघडा आणि मागची बाजू बघा.

हातमागाच्या पारंपरिक पैठणीत पदरावरचा मोर किंवा वेल वेगवेगळ्या रंगांचे रेशीम छोट्या छोट्या रिळांवर घेऊन हाताने विणतात, प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या भागापुरता जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि परत फिरतो. त्यामुळे मागे लोंबते धागे उरतच नाहीत, पुढून मोर तसाच मागून मोर. काही ठिकाणी उलटी-सुलटी ओळखायला मिनिटभर लागतं. अजून एक, जवळून बघितलं तर मोराची गोलाई पायऱ्यापायऱ्यांची दिसते, आणि दोन मोर अगदी हुबेहूब नसतात, एकाची चोच किंचित जाड असते.

पॉवरलूमवर तसं होत नाही. तिथे प्रत्येक रंगाचा धागा पदराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, नक्षी असेल तिथे पुढे येतो आणि बाकी मागे सैल पडून राहतो, मग ते सैल धागे कापतात. मागून हात फिरवला तर दोन दिवसांची दाढी वाढल्यासारखं खरखरीत लागतं. कधी कापलेले नसतात, नुसते लांब लांब धागे असतात आणि बांगडी अडकते. आमच्या साडीचा पदर उलटा केला आणि दाढी! पंधरा हजाराच्या गप्पा तिथेच संपल्या.

इथे नवीन लोक एक चूक करतात, पदराऐवजी काठ उलटा करून बघतात. हल्ली ब्रोकेड काठाच्या पैठण्या येवल्यात भरपूर होतात, त्यांचा काठ हातमागावरच पण जकार्ड लावून विणतात, त्याच्या मागे धागे असतातच. म्हणून काठाच्या मागे धागे दिसले की लगेच "नकली आहे" म्हणून देणाऱ्याला नावं ठेवू नका. निर्णय पदरावर.

लेबल काय सांगतं आणि काय सांगत नाही

साडीला सिल्क मार्कचं होलोग्रामवालं लेबल असेल तर छानच, पण ते सेंट्रल सिल्क बोर्डाच्या बाजूने फक्त एवढंच सांगतं की धागा शुद्ध रेशमाचा आहे. हातमागाची आहे असं ते सांगत नाही, पैठणी आहे असंही नाही. पॉवरलूमवर शुद्ध रेशमाची साडी विणता येते आणि तिला सिल्क मार्क लागू शकतो, दुकानात यावरूनच सगळ्यात जास्त गंडवलं जातं. हातमागाचं लेबल वेगळं असतं, हँडलूम मार्क. आणि काहीच लेबल नाही म्हणजे नकली असंही नाही, येवल्यात थेट विणकराकडून घेतलेल्या साडीला कित्येकदा काहीच नसतं.

जरीवरून तर्क लढवू नका. चांदीच्या तारेवर सोन्याचं पाणी दिलेली खरी जर आता अगदी महागड्या साड्यांतच असते, हातमागाच्या साड्यांत पण बऱ्याचदा तांब्यावर चढवलेली जर वापरतात. त्यामुळे जर साधी म्हणून साडी स्वस्त, असं नाही.

धागा जाळून बघायचा का? साडी बदलायची असेल तर नको, दुकानदार एक धागा ओढलेला पण ओळखतो. ठेवायचीच असेल तर पदराच्या दशीतून सुटून आलेला एखादा धागा घ्या, साडीतून ओढू नका, चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली, आणि खिडकी उघडी ठेवून करा. रेशीम हळू जळतं, केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की विझतं आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला टणक मणी होतो. आर्ट सिल्क म्हणजे व्हिस्कोस कागदासारखं भुरकन जळतं, वास पण कागदाचाच. फक्त उभा आणि आडवा दोन्ही धागे बघायला लागतात, कारण सेमी पैठणीत एकाच दिशेला रेशीम आणि दुसऱ्या दिशेला भलतंच असं पण असतं. आमच्या बाबतीत बहिणीला राहवलं नाही, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये दोन सुटे धागे पडलेले होते, ते जाळले, एकाला केसाचा वास आला आणि दुसऱ्याचा मणी झाला. म्हणजे पॉवरलूम, सेमी. मी अंदाज केला दोन ते चार हजार. सेमीला एवढं, पूर्ण रेशमाच्या पॉवरलूमला त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि हातमागाचा पदर निघाला तर पाच आकड्यांच्या खाली विचार करू नका, असा माझा ढोबळ हिशोब आहे, काठ-पदरावर काम किती त्यावर वर-खाली.

हे सगळं कशासाठी, तर दुकानात गेल्यावर तुमच्या हातात काय आहे ते तुम्हाला माहीत पाहिजे. हातमागाची पैठणी अज्ञानात साडेतीन हजाराला बदलून आलेल्या एक काकू माझ्या ओळखीत आहेत, अजून हळहळतात.

बिलाशिवाय बदलून मिळेल का

आता मुद्द्याचं. दुकानदार बिल मागतो ते नुसतं नाटक नसतं. माल परत घेतला की त्याला जीएसटीच्या हिशोबात मूळ बिलाचा नंबर टाकून क्रेडिट नोट काढावी लागते, तो नंबर नसेल तर परत आलेली साडी कागदावर कुठून आली हे त्याला दाखवता येत नाही. म्हणून त्याला कागद नाही, बिल नंबर हवा असतो, आणि तो दोन रस्त्यांनी मिळतो. एक म्हणजे घेणाऱ्याचा मोबाईल नंबर, हल्ली बिलावर नंबर घेतातच. दुसरा म्हणजे पीस नंबर, कम्प्युटरवर टाकला की कुठल्या बिलात गेला ते निघतं. म्हणून ते अर्धं फाटलेलं स्टिकर जपायचं.

यावरून शक्यता बघा. पीस नंबर आहे, दुकान माहितीय, साडी कोरी आहे, आणि घेऊन पंधरा दिवसांच्या आत आहे, तर बहुतेक वेळा काम होतं, फक्त रोख पैसे मिळत नाहीत, बदली साडी किंवा क्रेडिट. मुदत प्रत्येक दुकानाची वेगळी, सात दिवस, पंधरा, कुठे महिना. दुकान माहितीय पण चिठ्ठी नाही, मग सगळं मालकावर, त्याच डिझाईनचा माल त्याच्याकडे अजून रॅकवर असेल तर तो ओळखतो आणि ऐकतो, नसेल तर नाही. सेलमधली साडी असेल तर विचारू पण नका. आणि दुकानच माहीत नसेल तर संपलं, दुसऱ्या दुकानात "ही घ्या आणि दुसरी द्या" हे होत नाही, कितीही गोड बोललात तरी.

खराब साडीचं वेगळं. विणकामात दोष, फाटलेली, डाग असलेली, अशी असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं हा अनुचित व्यापार धरलाय, बिलावर मुदत लिहिली असेल तेवढ्या दिवसांत आणि काहीच लिहिलं नसेल तर ३० दिवसांत. आणि घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्यात ग्राहक असतो, म्हणजे भेट मिळालेलीही. पण तिथेही साडी त्याच दुकानातून घेतलीय हे दाखवावं लागतंच. दुकानदार अडला तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाईन आहे. रंग आवडला नाही यासाठी मात्र हा कायदा नाही, ती दुकानदाराची मर्जी, हे भांडायला जायच्या आधी लक्षात ठेवा.

दुकानात गेल्यावर

रविवारी जाऊ नका, लग्नसराईच्या संध्याकाळी तर नाहीच. आम्ही मंगळवारी दुपारी बाराला गेलो, दुकानात तीन गिऱ्हाईकं. काउंटरवरच्या मुलाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, त्याला अधिकार नसतो, गल्ल्यावर बसलेल्या मालकाला गाठायचं. आणि "परत करायचीय" हा शब्द काढायचा नाही, "आहेरात आलीय, याच रंगाची आहे, बदलून दुसरी बघायचीय" असं म्हणायचं, म्हणजे त्याला कळतं की पैसे बाहेर जाणार नाहीत.

मालकाने आधी काठाची कड बघितली, मग ब्लाऊजपीस, मग नंबर टाकला. साडी १९ दिवसांपूर्वी विकली गेलेली, त्यांची मुदत १५. पण बहिणीने तोपर्यंत दोन साड्या बाजूला काढून ठेवल्या होत्या, ते बघून तो म्हणाला, "बरं, लग्नाचं आहे म्हणून करतो." किंमत धरली ३,२५०, म्हणजे डिस्काउंट जाऊन घेणाऱ्याने खरंच दिलेली. छापील किंमत जास्त असते पण तिचा आग्रह धरू नका, बदलीत नेहमी दिलेलीच किंमत धरतात, आणि रेकॉर्ड सापडलं नाही तर आजचा सेलचा भाव लावतात. तिने ३,९०० ची घेतली, वर ६५० दिले, वीस मिनिटांत बाहेर.

आणि इथे आमच्याकडून एक राहिलं. बदलीचं बिल जुन्या बिलाला जोडून निघतं, आणि त्याचा मेसेज जातो जुन्या बिलावरच्या मोबाईलवर. आम्ही रस्त्यावर उसाचा रस पीत उभ्या आणि बहिणीचा फोन वाजला, नवऱ्याची आत्या. "काय गं, साडी आवडली नाही होय? आत्ता मेसेज आला मला, एक्सचेंज म्हणून." बहीण लाल. निदान साडी कोणाची ते तरी कळलं, वहीत लिहून टाकलं.

म्हणून बिल करायच्या आधी सांगा, "नंबर बदलून माझा टाका." काही सॉफ्टवेअरमध्ये ते बदलत नाही, तसं असेल तर दोन मिनिटं थांबा, बिल कुणाच्या नावावर आहे ते मालकाला विचारा, आणि त्या माणसाला आधी स्वतः फोन करा की रंग डबल झाला म्हणून बदलतेय. आत्यांना नंतर तेच सांगितलं, त्या म्हणाल्या, "मग आधी विचारायचं ना, बिल माझ्या पर्समध्येच आहे."